गणपती 2025: मोदक पिठी आणि पेटीचं प्रमोशन, मोहीम संपल्यावरच्या नोंदी

8 सप्टेंबर 2025, सोमवार

परवा अनंत चतुर्दशी झाली, काल चंद्रग्रहण आणि आजपासून पितृपक्ष, म्हणजे घटस्थापनेपर्यंत नवीन ऑर्डर काही फारशी येत नाही, तेवढ्यात यंदाच्या प्रमोशनचा हिशोब मांडून ठेवतो. मागच्या वर्षीचं काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे यंदा जुलैमध्ये बैठकीला बसलो तेव्हा गटातल्या काकी म्हणायच्या पोस्टरमुळे माल गेला, दुसऱ्या मावशी म्हणायच्या नाय हो, फेसबुकमुळे, आणि दोघींकडे पुरावा काय तर एखाददुसऱ्या गिऱ्हाईकाची आठवण. त्यावरून पैसे कुठे घालायचे ते ठरत नाही.

पुढे कोणी नवीन माणूस हे काम बघेल त्याच्यासाठी थोडक्यात. आपला बायकांचा बचत गट गुहागर तालुक्यातला. सणाला माल दोनच: उकडीच्या मोदकाची पिठी, अर्ध्या किलोचं पाकीट, ज्यात 21 मोदकांचा नैवेद्य होऊन वर घरच्यांपुरते होतात, आणि गणपती पेटी, म्हणजे पिठीचं पाकीट, दोन सोललेले नारळ, काजूगर आणि आमसुलं. प्रमोशन 20 जुलै ते 24 ऑगस्ट. फेसबुक-इन्स्टावर जाहिरात, एक रील बूस्ट केलं, जुन्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट, मुंबईतल्या गावकरी मंडळांच्या ग्रुपवर मेसेज, आणि छापील पोस्टर. एकूण ऑर्डरी 214.

10 सप्टेंबर, बुधवार

यंदाची सगळ्यात कामाची गोष्ट आधी लिहितो, कारण बाकी सगळा हिशोब हिच्यावरच उभा आहे. प्रत्येक ठिकाणासाठी व्हॉट्सॲपची वेगळी लिंक केली होती, लिंक दाबली की मेसेजच्या जागेत एक छोटा कोड आपोआप येतो, गिऱ्हाईकाने फक्त सेंड दाबायचं. पोस्टरवरचा क्यूआर पण ह्याच लिंकचा.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=G1
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=P1
```

G1 म्हणजे जाहिरात, R1 रील, P1 गणपतीच्या कारखान्यातलं पोस्टर, P2 एसटी स्टँड आणि बाजारपेठेतलं पोस्टर, M1 मंडळांचे ग्रुप. जाहिरातीत लिंक टाकावी लागत नाही, तिथे आधीच भरून येणारा मेसेज सेटिंगमध्येच देता येतो, तिथे G1 लिहिला. कोड मराठीत ठेवायचा मोह होता पण लिंकमध्ये मराठी अक्षरांची टक्के-टक्के चिन्हांची लांबच लांब शेपटी होते आणि क्यूआर इतका बारीक होतो की साध्या फोनला पटकन वाचता येत नाही, म्हणून एक अक्षर एक आकडा. मेसेज आला की बिझनेस ॲपमध्ये त्या नावाचं लेबल लावायचं, ऑर्डर पक्की झाली की वहीत कोडसकट उतरवायची. काही जण कोड पुसून थेट "पिठी आहे का" असं लिहितात, काही फोनच करतात, त्यांना गटातल्या ताईंनी विचारायचं की कुठून कळलं. हे विचारणं सगळ्यांनी मनापासून केलं, म्हणूनच फक्त 6 ऑर्डरींचा पत्ता लागला नाही.

बाकीच्या अशा: जुनी गिऱ्हाइकं 78, मंडळांचे ग्रुप 61, जाहिरात 34, पोस्टर 26, रील 9.

रीलचे व्ह्यू सगळ्यात जास्त होते, गावातल्या पोरांनी शेअर केलं, लोक रस्त्यात थांबवून कौतुक करत होते. ऑर्डरी नऊ. रील चांगलंच होतं, काकींचे हात कळ्या पाडतानाचे मस्त दिसत होते, पण बघणारे बरेचसे मोदक बघायला आलेले, पिठी घ्यायला नव्हे. बूस्टला जीएसटी धरून 2360 रुपये गेले म्हणजे एका ऑर्डरीमागे 262, आणि पेटीवर आपल्याला सुटतात 110 च्या आसपास. पुढच्या वर्षी रील करायचं पण पैसे लावून ढकलायचं नाही.

13 सप्टेंबर, शनिवार

जुनी यादी. इथे खर्च शून्य आणि ऑर्डरी सगळ्यात जास्त, तरीही आपण निम्म्यावरच थांबलो असं माझं म्हणणं आहे.

एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, आपले 240 होते, म्हणजे एकाच लिस्टमध्ये सगळे आले. पण ब्रॉडकास्ट पोचतो फक्त त्यांनाच ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय. बाकीच्यांना मेसेज जातच नाही आणि आपल्याला वाटतं की पाठवला. पाठवलेल्या मेसेजवर दाबून धरून माहिती उघडली की किती जणांना पोचला ते दिसतं, पहिल्या मेसेजला तिथे 152 नावं होती. म्हणजे 88 जणांना, ज्यांनी आधी आपला माल घेतलाय, पैसे दिलेत, त्यांना ह्या ब्रॉडकास्टमधून काही कळलंच नाही. पोचले त्या 152 मधून 78 ऑर्डरी. ह्याच्या जवळपास जाणारी दुसरी कुठलीच गोष्ट ह्या मोहिमेत नाही.

त्या 88 मधल्या काहींना मग ताईंनी एकेक करून नावानिशी लिहिलं, "वहिनी, मागच्या वर्षी दोन पाकिटं घेतली होतीत, यंदा लागणार का", आणि सोबत मागच्या पार्सलचा फोटो. सरसकट एकच मजकूर चिकटवून पाठवला असता तर लोकांनी ब्लॉक केलं असतं आणि ब्लॉक-रिपोर्ट वाढले की नंबरच बंद पडायची भीती, म्हणून हे सावकाश केलं. ते वेळखाऊ आहे, आणि ऑगस्टमध्ये वेळ नसतो.

खरा उपाय वर्षभर चालणारा आहे. यापुढे प्रत्येक पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी: "हा नंबर आमच्या नावाने सेव्ह करा, पुढच्या गणपतीत पिठी कधी दळली ते सगळ्यात आधी तुम्हाला कळेल." ताई म्हणाल्या नुसतं सेव्ह करा म्हटलं तर कोण करतो, काहीतरी कारण द्यायला हवं, ते बरोबर आहे, म्हणून दुसरं वाक्य. दिवाळीच्या पार्सलपासून सुरू करायचं.

15 सप्टेंबर, सोमवार

जाहिरात. ह्यावर गटात वाद होणार आहे म्हणून नीट मांडतो.

जाहिरातीवर मोजून 6000 लावले, पण मेटा वरून 18 टक्के जीएसटी घेतं आणि आपला गट जीएसटीत नोंदलेला नाही त्यामुळे तो परत मिळत नाही, म्हणजे खिशातून गेले 7080. ऑर्डरी 34, एका ऑर्डरीला 208 रुपये. सुटतात 110. वरवर पाहिलं तर सरळ तोटा, आणि काकींनी आकडा ऐकून लगेच म्हटलं, "मग पुढच्या वर्षी बंदच करा ना ती."

पण हेच पैसे दोन भागात तोडून बघितले तर चित्र वेगळं दिसतं. नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे 8 ऑगस्टपर्यंत, जीएसटी धरून 2950 गेले आणि ऑर्डरी आल्या 23, एकीला 128. त्यानंतर 24 ऑगस्टपर्यंत 4130 गेले आणि ऑर्डरी फक्त 11, एकीला 375. सण जवळ आला की लोक जास्त घेतील असं धरून आपण दुसऱ्या भागात जास्त पैसे लावले होते आणि झालं नेमकं उलटं.

का झालं ते मेसेज वाचून कळतं. जाहिरातीवरून आलेले जवळपास 290 संवाद आहेत, गेले दोन दिवस ते सगळे वाचून काढले. पौर्णिमेनंतरच्या मेसेजमध्ये माल नको असं क्वचितच कोणी म्हटलंय. ते विचारतायत "चतुर्थीच्या आत डोंबिवलीला नक्की पोचेल का", आणि आपल्याकडे नक्की असं उत्तर नव्हतं. 18-19 ऑगस्टला मुंबई पावसाने तुंबली, कुरिअरची पार्सलं मध्येच कुठेतरी अडकून बसली, त्यानंतर आम्ही कोणालाच शब्द दिला नाही. पेट्यांचा माल 20 तारखेला संपला तरी जाहिरात 24 पर्यंत लावून ठेवलेली म्हणून चालूच राहिली, त्या चार दिवसांत आलेल्या प्रत्येकाला नाही म्हणावं लागलं.

आणि एक तिसरा गट आहे मेसेजमध्ये, ज्याचा आपण विचारच केला नव्हता, त्याच्यावर परवा वेगळं लिहितो कारण तोच ह्या वर्षीचा सगळ्यात मोठा शोध आहे.

17 सप्टेंबर, बुधवार

जाहिरात आपण लावली मुंबई, ठाणे, पुण्याला. डोक्यात असं की तिकडे राहणारा माणूस तिकडेच सण करणार, त्याला पेटी घरपोच हवी. पण आपली भाषा, गावाचं नाव, लाल मातीतलं घर हे बघून थांबतो कोण? तर गुहागर, दापोली, चिपळूण, संगमेश्वरचाच चाकरमानी. आणि तो तर गणपतीला स्वतःच गावी येणार! त्याचा मेसेज असा: "आम्ही 25 ला गावी येतोय, चिपळूणला मिळेल का?" "घर बंद असतं, आदल्या दिवशी आणून ठेवता येईल का?" असे मेसेज मी मोजायला गेलो तर तीन-चारातला एक ह्याच अर्थाचा निघाला. आपल्याकडे उत्तर एकच छापील होतं, मुंबई-पुणे घरपोच डिलिव्हरी, आणि ती माणसं गेली.

ह्याच लोकांना कारखान्यातल्या पोस्टरने बरोबर पकडलं. पोस्टरच्या 26 ऑर्डरींपैकी 21 गणपतीच्या कारखान्यांतल्या, स्टँड आणि बाजारपेठ मिळून पाच. कारण साधं आहे. गावातला काका नाहीतर भाऊ आषाढात कारखान्यात मूर्ती बसवायचा पाट देऊन येतो, मग रंगकाम कुठवर आलं ते बघायला एकदोनदा जातो, आणि तिथे उभा राहून तो मुंबईच्या भावाला फोनच करत असतो की मूर्ती अशी अशी झालीय. त्याच वेळी समोर पोस्टर. बंद घर उघडायचं, झाडायचं, गणपतीच्या वरची माटवी बांधायची, त्यात तांदूळ धुवून वाळवून दळायला कोणाला वेळ आहे? म्हणून तो घरातल्या, भावकीतल्या सगळ्यांची मिळून पाच-सहा पाकिटं एकदम सांगतो. नारळ त्याच्या परसात आहेत, त्याला पेटी नको, नुसती पिठी हवी. पाकिटावर सुटतं कमी, पण कुरिअर नाही, खोका नाही, रिक्षात घालून नेऊन दिलं की झालं.

मंडळांच्या ग्रुपमधल्या 61 ऑर्डरींचंही तेच. वाडीचा माणूस वाडीच्या ग्रुपवर लिहितो, त्यावर विश्वास बसतो, आणि एकाने घेतलं की खाली "मला पण दोन" अशी रांग लागते. इथे मात्र एक गोष्ट जपायला हवी: मेसेज मंडळातल्याच कोणीतरी टाकलेला असला पाहिजे. एका ग्रुपवर बाहेरच्या नंबरवरून गेला तर ॲडमिननी काढून टाकला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

मग प्रश्न राहतो वेळेचा. चाकरमान्याचं गावी येणं ठरतं कधी? तिकीट काढताना. रेल्वेचं आगाऊ रिझर्व्हेशन नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 26 ऑगस्टच्या गाडीचं 27 जूनला उघडलं. त्या आठवड्यात प्रत्येक घरात कोण कधी जाणार, किती माणसं जेवायला, हेच बोलणं चालू असतं आणि आपण तेव्हा गप्प होतो. आपला पहिला मेसेज 20 जुलैला गेला.

19 सप्टेंबर, शुक्रवार

आज मालाची बाजू, काकी आणि गटातल्या दोघीजणी बसल्या होत्या.

पिठीसाठी तांदूळ धुवून, सावलीत कापडावर पसरून, पूर्ण सुकला की दळायचा. जुलैच्या आधी केलेला पहिला घाणा उत्तम निघाला, एक तक्रार नाही. ऑर्डरी बघून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसरा घाणा घेतला आणि तिथे फसलो. श्रावणातली हवा ओली, पडवीत दोन पंखे लावले तरी तांदूळ वरून सुका आणि आत ओलसर, दळल्यावर पिठी गरम आणि त्यात दमट, तशीच पाकिटात भरली की दोन-चार दिवसांत गुठळ्या. काकींनी एक पाकीट फोडून पिठी मुठीत घट्ट दाबली आणि मूठ उघडली, तर पिठी तशीच लाडवासारखी राहिली, बोटाने टोचल्यावर पण पुरती फुटेना. "ही बघ, सुटत नाय. चांगली पिठी दाबली तर थोडी धरते नि टोचलीस की भुरभुर पडते." नाकाशी धरली तर किंचित आंबूस वास. असा 18 किलो माल बाजूला काढला, विकला नाही, आणि तो निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला ते फार चांगलं झालं, कारण नैवेद्याच्या दिवशी कोणाची उकड चिरली असती तर ते घर परत आपल्याकडे आलं नसतं.

ह्यातून प्रमोशनसाठी निघणारा अर्थ असा की आपली विक्री जाहिरातीने ठरत नाही, वाळवणाने ठरते. पडवीत एका वेळी किती तांदूळ पसरतो आणि पावसात त्याला किती दिवस लागतात, त्यावरून जी पाकिटं निघतील तेवढ्यांचंच बोलायचं. काकींचं म्हणणं आहे की मेमध्येच तांदूळ धुवून कडक वाळवून डब्यात बंद ठेवायचा आणि ऑगस्टमध्ये लागेल तसा दळायचा. अडचण एवढीच की मेमध्ये आंबा-काजूच्या गडबडीत हात मोकळे नसतात, आणि डब्यात टोके होतात का ते बघावं लागेल, म्हणून पहिल्या वर्षी 20 किलोवरच करून बघायचं ठरलं.

पेटीतले नारळ. पोस्टरवर पेटीचा भाव छापला जुलैत आणि नारळ त्यानंतर चढतच गेला, यंदा सगळीकडेच महाग होता, ती वाढ आपल्या अंगावर आली. त्यात कुरिअरमध्ये सोललेले नारळ एकमेकांवर आपटून तडकतात, पाणी गळतं आणि शेजारचं पिठीचं पाकीट भिजतं. ज्यांची भिजली त्यांना पिठी परत पाठवली. मुंबईच्या माणसाला नारळ कोपऱ्यावरही मिळतो, तो आपल्याकडे येतो पिठी आणि आमसुलांसाठी, हे मेसेजमधून स्पष्ट दिसतंय. नारळ काढला की पेटीचं वजन निम्म्याहून कमी होतं आणि खोक्याचा आकारही.

मुंबईला पाठवायचं तर एक वाट मात्र छान सापडली. सणाच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून कोकणात येणाऱ्या खासगी बस खचाखच, पण परत मुंबईला जाताना डिकी रिकामी असते. बसवाले पार्सल आनंदाने घेतात, रात्री टाकलं की पहाटे ठाण्या-बोरिवलीला. फक्त गिऱ्हाईकाला पहाटे थांब्यावर जाऊन घ्यावं लागतं, हे ऑर्डर घेतानाच सांगायचं, आणि पाकिटाला आतून प्लॅस्टिकची दुसरी पिशवी, कारण डिकीत पाणी असतं.

21 सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या, उद्या घट बसतील. आज बैठक झाली, ठरलं ते लिहून फाइल बंद करतो.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे गणपती पुढे गेलेत, चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. म्हणून यंदाच्या तारखा जशाच्या तशा उचलायच्या नाहीत, सगळं तिथीवर आणि तिकिटावर धरायचं. 13 सप्टेंबरच्या गाडीचं रिझर्व्हेशन 15 जुलैला उघडेल, तर त्याच आठवड्यात जुन्या यादीला आणि मंडळांच्या ग्रुपला पहिला मेसेज: गावी येताय का, पिठी घरी आणून ठेवू का, किती पाकिटं. आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत, फक्त नाव आणि वाडी लिहून घ्यायची, म्हणजे वाळवणाचा अंदाज येईल. पोस्टर पाट द्यायला लोक यायच्या आधी कारखान्यांत लागली पाहिजेत, स्टँडवर लावायची नाहीत. मूर्तिकारांना विचारूनच लावायची आणि त्यांच्या घरी पिठी पाठवायची, ते काही मागत नाहीत पण जागा त्यांची आहे.

जाहिरात बंद करायची नाही असं मी म्हटलं आणि काकींनी अखेर मान्य केलं, पण ती फक्त नारळी पौर्णिमेपर्यंत, एकूण 2500 वर जीएसटी, आणि जाहिरातीत दोन वेगळे मेसेज: "मुंबईत घरपोच" आणि "गावी आणून ठेवू", दोघांना वेगळा कोड, म्हणजे पुढच्या सप्टेंबरमध्ये कळेल कोण कुठला. 128 ला एक ऑर्डर हा आकडाही अजून 110 च्या वरच आहे, नारळ काढल्यावर पेटीवर जास्त सुटलं तर जमेल, नाही जमलं तर 2027 ला खरंच बंद. रोज रात्री शिल्लक पाकिटं वहीत लिहायची जबाबदारी ताईंनी घेतलीय, शिल्लक 40 च्या खाली आली की त्याच रात्री जाहिरात थांबवायची, शेवटची तारीख काहीही लावलेली असो.

पोस्टरवर भाव छापायचा नाही. दिवाळीच्या चिठ्ठ्या छापायला रविवारी चिपळूणला जायचंय, मजकूर ताईंकडे दिलाय.